कागद आणि क्यूआर कोड स्कॅन करताना फोन जवळ नेऊ नका, मागे घ्या

बारीक अक्षरे किंवा छोटा क्यूआर कोड समोर आला की हात आपोआप फोन पुढे नेतो. स्कॅन धूसर येतो, म्हणून आपण फोन आणखी जवळ नेतो आणि तो आणखी धूसर होतो. बिघडलेल्या स्कॅनचे मूळ बहुतेक वेळा या चार-पाच सेंटीमीटरमध्ये असते. कॅमेरा वाईट नसतो, फोन चुकीच्या अंतरावर असतो. ते अंतर एकदा मोजून ठेवले की कागद, ओळखपत्र आणि कोड या तिन्हींचे काम सोपे होते.

जवळ गेल्यावर नेमके काय बिघडते

प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असते. त्याहून जवळच्या वस्तूवर ती फोकस करूच शकत नाही. जुन्या, लहान सेन्सरच्या फोनमध्ये मुख्य कॅमेऱ्याचे हे अंतर साधारण ८ ते १० सेंमी असायचे. सेन्सर मोठे झाले, लेन्सचे तोंड रुंद झाले, तसे हे अंतरही वाढले. आता अनेक चांगल्या फोनमध्ये ते १५ ते २४ सेंमीच्या दरम्यान असते. म्हणून नवा, महागडा फोन जुन्यापेक्षा जवळचे कमी स्पष्ट दाखवतो, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो, आणि तो खरा असतो.

मर्यादा ओलांडली की धूसरपणा किती वेगाने वाढतो ते एका उदाहरणात पाहू. लेन्सचे तोंड सुमारे ४ मिमी आणि किमान अंतर २० सेंमी धरा. फोन कागदापासून १० सेंमीवर नेला तर कागदावरचा प्रत्येक बिंदू सुमारे २ मिमी रुंदीच्या ठिपक्यात पसरतो. १८ सेंमीवर, म्हणजे मर्यादेच्या फक्त २ सेंमी आत, हा पसारा सुमारे ०.४ मिमी असतो. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण छापील देवनागरीतला अनुस्वार साधारण तेवढाच असतो. तो आजूबाजूच्या पांढऱ्यात विरघळतो आणि अक्षरओळख करणारे अ‍ॅप ‘अंक’ऐवजी ‘अक’ वाचते. रफाराचे टोक आणि उकाराची शेपटीही अशीच जाते. पडद्यावर छोट्या आकारात पाहताना मात्र पान ठीकच दिसते.

आपल्या फोनचे किमान अंतर मोजा

यासाठी छापील मजकुराचा एक कागद, ३० सेंमीची पट्टी आणि पाच मिनिटे पुरतात. आधी लेन्स स्वच्छ, मऊ, कोरड्या कापडाने पुसा. बोटाचा तेलकट ठसा असेल तर फोकस अचूक असूनही अक्षरांभोवती दुधी वलय येते, आणि मग दोष अंतराचा की ठशाचा हे कळत नाही.

कागद टेबलावर सपाट ठेवा, पट्टी त्याच्या शेजारी उभी धरा आणि फोन कागदाला समांतर ठेवून ५ सेंमीवरून सुरुवात करा. पडद्यावर मजकुराला स्पर्श करून फोकस करायला लावा आणि फोटो घ्या. १ सेंमी वर घ्या, पुन्हा स्पर्श करा, पुन्हा फोटो घ्या. असे ३० सेंमीपर्यंत जा. नंतर फोटो पूर्ण मोठे करून पाहा. ज्या अंतरापासून अक्षरांच्या कडा रेखीव आणि काळ्याभोर दिसू लागतात, ते तुमचे किमान अंतर. रोजच्या वापरासाठी त्यात २ ते ३ सेंमी मिळवा, कारण हात खाली-वर होतोच.

या चाचणीत एक फसगत होऊ शकते. अनेक फोन वस्तू फार जवळ आली की न विचारता मुख्य कॅमेरा सोडून अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातात. चित्र क्षणभर हलते आणि मजकूर एकदम स्पष्ट होतो. कोणती लेन्स चालू आहे हे ओळखायला मागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवा. जी झाकल्यावर पडदा काळा होतो, ती चालू आहे. सेटिंगमध्ये मॅक्रो आपोआप चालू होण्याचा पर्याय असेल तर चाचणीपुरता तो बंद करा.

एखाद्या शिक्क्याचा किंवा सहीचा जवळून फोटो हवा असेल तर हा बदल उपयोगी आहे. पूर्ण कागदासाठी तो टाळा. अल्ट्रावाइडमध्ये कडेची अक्षरे ताणली जातात, कोपरे मऊ येतात आणि फोन कागदाच्या इतका जवळ असतो की त्याची सावली मजकुरावर पडते. काही फोनमध्ये २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा असतो. कागदपत्रांसाठी त्याचा विचारच करू नका.

मागे घेतल्यावर तपशील उरतो का?

उरतो, आणि पुरेसा उरतो. कागदपत्रांच्या स्कॅनसाठी ३०० डीपीआय, म्हणजे दर मिलिमीटरला साधारण १२ पिक्सेल, हे चांगले माप मानले जाते. आता १२ मेगापिक्सेलचा फोटो घ्या: तो ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. फोनच्या नेहमीच्या मुख्य लेन्सला २५ सेंमीवरून साधारण ३३ × २५ सेंमीचा भाग दिसतो. ३३० मिमीवर ४००० पिक्सेल पसरले की दर मिलिमीटरला १२ येतात. म्हणजे २५ सेंमीवरून तुम्हाला ३०० डीपीआय मिळतातच, आणि २१ × २९.७ सेंमीचा ए४ कागद चारही बाजूंनी सुमारे २ सेंमी जागा सोडून चौकटीत बसतो. २० सेंमीवरून हाच आकडा दर मिलिमीटरला १५ होतो, ३० सेंमीवरून १०.

मेगापिक्सेल वाढवून यात फार फरक पडत नाही. ५० किंवा १०८ मेगापिक्सेलचे सेन्सर नेहमीच्या वापरात शेजारचे पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. भरपूर उजेड असेल तर पूर्ण क्षमतेच्या फोटोत थोडा जास्त तपशील दिसतो. घरातल्या संध्याकाळच्या उजेडात फाइल मात्र मोठी होते, अक्षरे तितकीच राहतात. अशा जास्त मेगापिक्सेलच्या फोनमध्ये २× झूम वापरला तर तो सेन्सरच्या मधल्या भागातून खरा तपशील उचलतो, आणि हा झूम पुढे फ्लॅश वापरताना फार कामाचा आहे. साध्या १२ मेगापिक्सेल सेन्सरवर फोटो काढताना झूम केल्याने फक्त चित्र ताणले जाते.

ए४ कागद स्कॅन करण्याच्या पायऱ्या

१. कागद गडद, एकरंगी पृष्ठभागावर ठेवा. पांढऱ्या कागदाची कड पांढऱ्या टेबलावर अ‍ॅपला सापडत नाही.

२. घडीच्या खुणा आणि उचललेले कोपरे दाबा. २० सेंमीवर फोकस केलेला असताना कागद ५ मिमी उचलला गेला तर तिथे ०.१ मिमीचा पसारा येतो, तो चालून जातो. जाड पुस्तकात शिवणीजवळचा भाग १५ मिमी खाली जातो आणि पसारा ०.३ मिमी होतो. शिवणीकडचे शब्द नेमके म्हणूनच धूसर येतात. अशा वेळी पुस्तकाचे एकेक पान वेगळे घ्या, ते पान हाताने सपाट दाबा आणि फोकस शिवणीपासून पानाच्या एक तृतीयांशावर लावा. जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरचा २× झूम असेल तर दुप्पट अंतरावर जा. तेवढ्याच उंच-सखल भागाचा पसारा निम्म्यावर येतो.

३. उजेड बाजूने येऊ द्या, पाठीमागून किंवा डोक्यावरून नको. डोक्यावरचा दिवा असेल तर फोनची आणि हाताची सावली पानाच्या मध्यावर पडते. खिडकीचा उजेड एका बाजूने येत असेल तर दुसऱ्या बाजूला पांढरा कागद उभा धरा. अंधारी बाजू लगेच उजळते.

४. फोन २५ सेंमीवर समांतर धरा. कॅमेऱ्यात समतल दाखवणारी खूण असेल तर ती जुळवा. अ‍ॅप तिरपेपणा सरळ करते, पण तसे करताना दूरच्या कडेचे कमी पिक्सेल ताणते, म्हणून ती कड नेहमी मऊ येते.

५. मजकुरावर स्पर्श करा, कोऱ्या जागेवर नाही. कोऱ्या पांढऱ्या भागात कॅमेऱ्याला पकडायला काळ्या-पांढऱ्याची सीमा नसते, म्हणून फोकस पुढे-मागे भटकत राहतो. बोट थोडे दाबून ठेवले तर बऱ्याच फोनमध्ये फोकस कुलूपबंद होतो. पान राखाडी दिसत असेल तर उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. पांढरे पान पाहून कॅमेरा दृश्य फार उजळ आहे असे समजतो आणि ते मुद्दाम काळवंडतो.

६. दोन्ही हातांची कोपरे टेबलावर टेकवा किंवा २ सेकंदांचा टायमर लावा. २० सेंमीवरून दर मिलिमीटरला १५ पिक्सेल असतात, त्यामुळे फोटो टिपला जात असतानाच्या क्षणात हात फक्त ०.३ मिमी हलला तरी प्रत्येक रेघ चार-पाच पिक्सेल पसरते. बरीच पाने असतील तर २५ सेंमी उंचीची पुस्तकांची चवड करा, फोनचा कॅमेऱ्याकडचा भाग तिच्या कडेबाहेर काढा आणि दुसऱ्या टोकावर वजन ठेवा. अंतर आणि समांतरपणा दोन्ही एकदाच जुळवावे लागतात, पुढची पाने खालून सरकवत जायची.

७. काळा-पांढरा फिल्टर लावण्याआधी मूळ फोटो मोठा करून चारही कोपरे पाहा. या फिल्टरमुळे धूसर अक्षरही ठळक दिसते, फक्त त्याची पोकळी भरून गेलेली असते. इंग्रजी अंकांतले 8 आणि 6, किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांतला फरक एकदा असा बुजला की मूळ फोटोशिवाय तो परत मिळत नाही.

धूसर फोटोचे कारण अक्षरांकडे पाहूनच ओळखता येते. पसारा सगळ्या दिशांनी सारखा असेल तर फोकस चुकला. फक्त एका दिशेने दुहेरी रेघा असतील तर हात हलला. अक्षरे ओल्या रंगात पुसल्यासारखी, कागदाचा पोत गायब झालेली दिसली तर उजेड कमी होता आणि फोनने दाणे घालवताना तपशीलही घालवला. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, म्हणून नुसता पुन्हा फोटो काढण्याआधी हे पाहून घ्या.

ओळखपत्राएवढे कार्ड

बँकेचे किंवा ओळखीचे कार्ड ८५.६ × ५४ मिमी असते. ते पूर्ण चौकट भरेल इतके जवळ जायचे तर फोन साधारण साडेसहा सेंमीवर न्यावा लागतो, आणि तिथे मुख्य लेन्सचा फोकस लागत नाही. त्याऐवजी २० सेंमीवरच थांबा. कार्ड चौकटीच्या जेमतेम एक तृतीयांश रुंदीत दिसेल, पण त्याच्या लांबीवर सुमारे १२९० पिक्सेल असतील, म्हणजे ३८० डीपीआयच्या आसपास. नंतर कापून घ्या. पडद्यावर कार्ड लहान दिसते म्हणून पुढे सरकायचा मोह होईल, तेवढा आवरा.

फ्लॅश: कधी, किती अंतरावरून, कोणत्या कोनातून

फोनचा फ्लॅश म्हणजे लेन्सपासून एक-दोन सेंटीमीटरवर बसवलेला छोटा एलईडी. त्याची गुणवत्ता तीन गोष्टींत दिसते: उजेड किती समान पसरतो, चमक कुठे पडते आणि रंग कसे येतात.

समान पसरण्याचा प्रश्न अंतराशी बांधलेला आहे. २५ सेंमीवरून ए४ च्या मध्यावर सरळ उजेड पडतो. कोपरे दूरही असतात आणि तिरपेही, त्यामुळे तिथे मध्याच्या जेमतेम ४३ टक्के उजेड पोचतो. एलईडीवरचे झाकण प्रकाश मध्यावर एकवटणारे असेल तर त्याहूनही कमी. हाच फोन ५० सेंमीवर नेऊन २× झूम लावला की कोपऱ्यांना सुमारे ७८ टक्के उजेड मिळतो. म्हणजे फ्लॅश वापरायचाच असेल तर मागे जाऊन झूम करा. जवळच राहावे लागत असेल तर एलईडीवर पातळ टिश्यूचा एक पदर धरा. उजेड कमी होतो, पण त्याची धार मोडते. टिश्यू लेन्सवर येणार नाही एवढे पाहा.

चमकेचा नियम साधा आहे. फोन समांतर असेल तर गुळगुळीत पृष्ठभागावर एलईडीचे प्रतिबिंब लेन्स आणि फ्लॅश यांच्या मधोमध, म्हणजे फोनच्या बरोबर खाली पडते. लॅमिनेट केलेल्या कार्डावर तो पांढरा डाग नेमका फोटोवर किंवा क्रमांकावर येतो, आणि तिथला तपशील कोणत्याही अ‍ॅपने परत येत नाही. उपाय असा: फोन २० सेंमी उंचीवर ठेवून बाजूला सरकवा, कार्डाची जवळची कड फोनच्या खालच्या जागेपासून ४-५ सेंमी दूर जाऊ द्या आणि फोन कार्डाकडे थोडा कलवा. प्रतिबिंब आता टेबलावर पडते, कार्डावर नाही. कलामुळे आलेला तिरपेपणा अ‍ॅप सरळ करते आणि एवढ्या लहान वस्तूवर त्याचे नुकसान जाणवत नाही.

फोटोच्या क्षणी उडणाऱ्या फ्लॅशऐवजी सतत जळणारा टॉर्च वापरा. उजेड थोडा कमी असतो, पण चमक कुठे पडते ते आधीच दिसते आणि फोकसही त्याच उजेडात लागतो.

रंगाची परीक्षा घ्यायची असेल तर अंधाऱ्या खोलीत कोऱ्या पांढऱ्या कागदाचा टॉर्चच्या उजेडात फोटो घ्या. मध्यावर निळसर आणि कडेला पिवळट वर्तुळे दिसली तर एलईडीचा प्रकाश सर्वत्र एकाच रंगाचा नाही. अशा फोनवर निळी सही आणि जांभळा शिक्का असलेली कागदपत्रे दिवसाच्या उजेडातच घ्या. टॉर्च चालू असताना खोलीतला पिवळा दिवाही चालू ठेवू नका. पानाची एक बाजू पिवळी, दुसरी निळी येते आणि कॅमेऱ्याला एकाच वेळी दोन्ही बाजू पांढऱ्या करता येत नाहीत.

क्यूआर कोड

कोडच्या बाबतीत मोजायची गोष्ट एकच: त्यातल्या सर्वांत लहान चौकोनाला किती पिक्सेल मिळतात. तीनपेक्षा कमी झाले की वाचन अडखळते, चारच्या आसपास ते निवांत होते.

१९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीने आणलेल्या या कोडचा सर्वांत लहान प्रकार २१ × २१ चौकोनांचा आहे, सर्वांत मोठा १७७ × १७७ चा. मजकूर जितका लांब तितके चौकोन जास्त. समजा एका उपकरणाच्या पाठीवर १५ मिमी रुंदीचा, ५७ × ५७ चौकोनांचा कोड छापलेला आहे. एक चौकोन ०.२६ मिमीचा झाला. फोनचे किमान अंतर २० सेंमी आहे.

१० सेंमीवरून पाहिले तर चौकोनाला पिक्सेल पुरेसे मिळतात, पण फोकसच नसल्याने प्रत्येक बिंदू २ मिमी पसरलेला असतो, म्हणजे सात-आठ चौकोन एकमेकांत मिसळतात. २० सेंमीवर फोकस अचूक बसतो, पण स्कॅनर सहसा फोटो न घेता १९२० × १०८० चे चलचित्र तपासतो. तिथे दर मिलिमीटरला ७ पिक्सेल, म्हणजे एका चौकोनाला जेमतेम दोन, एवढेच येतात. तेही अपुरेच. त्याच २० सेंमीवरून २× झूम लावला की चौकोनाला पावणेचार पिक्सेल मिळतात आणि कोड वाचला जातो. चलचित्र हे सेन्सरच्या पूर्ण क्षमतेपेक्षा कमी असल्याने इथला २× झूम साध्या १२ मेगापिक्सेल फोनवरही खरा तपशील देतो.

स्कॅनरमध्ये झूमच नसेल तर २० सेंमीवरून साधा फोटो काढा आणि स्कॅनर अ‍ॅपमधून तो गॅलरीतून निवडा. ४००० पिक्सेलच्या फोटोत त्याच चौकोनाला चार पिक्सेल मिळतात. हात थरथरत असेल किंवा कोड अडचणीच्या जागी असेल तर हाच मार्ग जास्त सोयीचा पडतो.

कोडभोवती चार चौकोनांएवढी कोरी पट्टी असावी लागते. झूम करताना कोड चौकटीच्या कडेला चिकटवला किंवा पट्टीवर बोट आले की स्पष्ट कोडही वाचला जात नाही. डाग किंवा ओरखडा मात्र बराच सहन होतो, कारण कोडमध्ये दुरुस्तीची माहिती आधीच असते: सर्वांत कमी पातळीवर सुमारे ७ टक्के, सर्वांत जास्त पातळीवर ३० टक्के भाग गेला तरी मजकूर परत जुळतो. टॉर्चची चमकही अशीच काही भाग खाऊन टाकते, फक्त ती सहसा मधोमध पडते आणि मोठी असते. चकचकीत लेबलवर फोन थोडा कलवा. गोल डब्यावरचा कोड असेल तर कल डब्याच्या उंचीच्या दिशेने द्या, गोलाईच्या दिशेने दिला तर कडेचे चौकोन आणखी अरुंद दिसतात.

दुसऱ्या फोनच्या पडद्यावरचा कोड वाचताना टॉर्च बंदच ठेवा. पडदा स्वतः उजेड देतो, आपला उजेड त्याच्या काचेवरून फक्त परततो. त्या पडद्याचा उजेड वाढवा, गडद रंगसंगतीत कोड काळ्यावर पांढरा उलटा दिसत असेल तर ती बदला, आणि पडद्यावर बारीक लाटांची जाळी दिसली तर फोन दोन-तीन सेंटीमीटर मागे घ्या.